नळाच्या पाण्याचा अर्ज

मार्च महिन्याच्या अखेरीची गोष्ट. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्याच एका लहानशा गावचा विद्यार्थी माझ्याकडे एक कागद घेऊन आला. गावाचे नाव मी मुद्दाम गाळतो. त्याच्या वडिलांनी नगरपरिषदेला पाण्याबद्दल तक्रारअर्ज लिहिला होता. "सर, एवढं जरा शुद्ध करून द्या," इतकेच त्याचे म्हणणे. मी तो वाचला आणि ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवून त्याला विचारले, "पाणी नेमके कोणत्या तारखांना आले?" तो माझ्याकडे बघतच राहिला. आम्हां मराठीच्या मास्तरांकडून अशा प्रश्नाची अपेक्षा कोणी करत नाही.

तो अर्ज आधी जसाच्या तसा वाचा.

"मा. मुख्याधीकारी साहेब यांना, वरिल विषयास अनुसरुन अर्ज करतो कि, कित्येक दीवसापासुन आमच्या गल्लीत पाणि वेळेवर यायलं नाही. चार दिवसाआड पाणि सोडू म्हणले पण आठ आठ दीवस पाणि आणी विज दोन्ही नाही. लेकरंबाळं परेशान झाली. कर्मचारी झोपा काढतात काय? आम्ही पट्टी भरतो. तरी त्वरीत कारवाई करावी, नाहीतर होणाऱ्या परीणामास आपण जबाबदार राहाल. आपले, समस्त नागरीक."

यातला संताप खरा आहे, आणि "यायलं नाही" हे आमच्या नांदेड-परभणीकडचे बोलणे माझ्या कानाला गोड लागते. घरी मीही तसेच बोलतो. परंतु हा कागद टेबलावर आला तर कारकून त्याचे काय करील, याचा विचार करा. "वरील विषयास अनुसरून" असे लिहिले आहे, पण वर विषयच नाही. वीज नगरपरिषदेची नव्हे. ते खाते महावितरणचे. म्हणजे अर्जाचा अर्धा भाग "आमच्याशी संबंधित नाही" या शेऱ्याने निकाली निघाला. कर्मचारी झोपा काढत नाहीत, हे उत्तर द्यायला कोणालाही सोपे. आणि खाली सही "समस्त नागरिक" यांची! समस्तांच्या पत्त्यावर उत्तर कोण पाठवणार?

आता एका शब्दाकडे लक्ष वेधतो. अर्जदाराने "कारवाई" मागितली आहे. सरकारी मराठीत कारवाई म्हणजे कोणाविरुद्ध तरी केलेली दंडाची अगर शिस्तीची गोष्ट. एखादे काम पुढे नेणे म्हणजे कार्यवाही. आपल्याला कोणाला शिक्षा करायची नसून नळाला पाणी आणायचे आहे. तेव्हा "कार्यवाही करावी" असेच लिहावे. कारवाई मागणारा कागद आस्थापनेच्या टेबलावर फिरत राहिला, तर दोष सर्वस्वी कारकुनाचा म्हणता येणार नाही.

याहून महत्त्वाची चूक मात्र "चार दिवसाआड" या दोन शब्दांत आहे. गावात रिक्षा फिरवून जे जाहीर केले होते, ते असे : दर चार दिवसांनी, सकाळी सहा वाजता, पंचेचाळीस मिनिटे. आता हिशेब करा. "दिवसाआड" म्हणजे मध्ये एक दिवस टाकून. "चार दिवसांआड" म्हणजे मध्ये चार दिवस टाकून, अर्थात पाचव्या दिवशी. २ तारखेला पाणी आले, तर "दर चार दिवसांनी" म्हणजे ६ तारखेला. "चार दिवसांआड" म्हटले की ७ तारखेला. २ मार्च ते २७ मार्च या मुदतीत पहिल्या हिशेबाने २, ६, १०, १४, १८, २२ आणि २६ अशा सात पाळ्या होतात; दुसऱ्या हिशेबाने २, ७, १२, १७, २२ आणि २७ अशा सहाच. बिचाऱ्या अर्जदाराने आपल्याच लेखणीने हक्काची एक पाळी सोडून दिली होती! "तीन दिवसांआड" लिहिले असते तर बरोबर झाले असते. पण असल्या ठिकाणी "दर चार दिवसांनी, म्हणजे २ नंतर ६ तारखेला" असे उघड लिहिणे सर्वांत बरे.

त्या शब्दावरचा अनुस्वारही उगाच नाही. साहित्य महामंडळाने ठरवलेले आणि १९६२ साली शासनाने मान्य केलेले लेखनाचे नियम नाकात न उच्चारले जाणारे जुने अनुस्वार काढून टाकतात. "नाहीं" आणि "नांव" यांच्यावरचे टिंब त्या वेळी गेले. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार त्यांनी राखला, कारण तो संख्या सांगतो. दिवसाने, दिवसांनी, गल्लीला, गल्ल्यांना. म्हणून "कित्येक दिवसांपासून" येथे टिंब हवेच. हाच अनुस्वार आदरार्थीही येतो : मुख्याधिकाऱ्यांना.

राहिले ऱ्हस्व-दीर्घ. अर्जदाराने "पाणि आणी" लिहिले. अगदी उलट्या जागी उलटे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो, म्हणून पाणी, की, विनंती. "आणि" आणि "नि" हे अपवाद आहेत. "पाणि" असा शब्द संस्कृतात आहे, पण त्याचा अर्थ हात. पाणिग्रहणातला तो पाणि! नळाला तो येऊन उपयोग नाही. शेवटच्या आधीच्या अक्षरात लोक जास्त अडखळतात. सुरळीत, वीज यांत दीर्घ, आणि नियमित, त्वरित, नागरिक यांत ऱ्हस्व, असे का? पहिले दोन मराठीच्या वळणाचे अकारान्त शब्द आहेत. त्यांत शेवटच्या आधीचा इकार दीर्घ करायचा. दुसरे तिन्ही संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. ते संस्कृताप्रमाणे राहतात. शेवटचे अक्षरच दीर्घ असेल, तर आधीचे बहुधा ऱ्हस्व होते : महिना, माहिती. "अनुसरून", "पासून" यांत मात्र "ऊन" नेहमी दीर्घ. एका अर्जापुरते एवढे पुरे.

आपल्या मराठवाड्यात कचेरीला लिहायचे म्हणजे जरा बिचकायला होते, त्याला कारणही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथली कचेरी उर्दूत चाले. तक्रार करायची तर उर्दू जाणणाऱ्याकडून दरखास्त लिहवून घ्यावी लागे. अर्ज, तारीख, दाखल, तक्रार हे शब्द त्या वहिवाटीचे, आणि ते हद्दपार करावेत असे मला मुळीच वाटत नाही. "अर्ज" काढून "आवेदनपत्र" घातल्याने नळ लवकर सुटत नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. म्हणजे मराठी ही इथल्या कचेरीची भाषा होऊन तशी फार पिढ्या झालेल्या नाहीत.

विद्यार्थी दोन दिवसांनी परत आला, तो भिंतीवरचे कालनिर्णय घेऊन. त्याच्या आईने पाणी आले त्या प्रत्येक तारखेवर पेन्सिलीने खूण केली होती आणि शेजारी मिनिटेही लिहिली होती! मी त्याला आणखी एक गोष्ट विचारायला सांगितले होते : त्याच सकाळी वरच्या गल्लीत पाणी किती वेळ होते? हा प्रश्न कळीचा आहे. सगळ्या गावालाच पाणी कमी आले, तर कारण उद्भवात, पंपात किंवा विजेत असते. वरच्या गल्लीला पुरेपूर आणि खालच्या गल्लीला अर्धे, असे झाले तर दोष बहुधा मधल्या व्हॉल्व्हमध्ये, गळतीत किंवा नळाला थेट मोटार लावणाऱ्यांत असतो. पहिल्या तक्रारीला नगरपरिषद महिनोन्‌महिने उत्तर शोधील. दुसरीला एक माणूस किल्ली घेऊन पाठवला तरी भागते. मग आम्ही अर्ज असा केला.

"प्रति,
मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय.

विषय : खालच्या गल्लीतील अनियमित पाणीपुरवठ्याबाबत.
संदर्भ : नगरपरिषदेने जाहीर केलेले पाण्याचे वेळापत्रक.

महोदय,
आमच्या गल्लीत अकरा नळजोडण्या आहेत. वेळापत्रकानुसार दर चार दिवसांनी सकाळी ६ वाजता ४५ मिनिटे पाणी येणे अपेक्षित आहे. २ ते २७ मार्च या मुदतीत सात पाळ्या व्हावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात २, ८, १५, १९ व २७ मार्च रोजी पाणी आले व ते अनुक्रमे ४०, २५, ३०, ४५ व २० मिनिटे टिकले.
८ व २७ मार्च रोजी याच वाहिनीवरील वरच्या गल्लीत पूर्ण ४५ मिनिटे पाणी होते.
तरी दोन गल्ल्यांमधील व्हॉल्व्हची व वाहिनीची तपासणी करावी आणि वेळापत्रकानुसार पाणी सोडावे. पाळी चुकणार असल्यास आदल्या दिवशी कळवावे. केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, नळजोडणी क्रमांक, दिनांक)

सोबत : पाणीपट्टीच्या पावतीची प्रत, अकरा जोडणीधारकांच्या सह्या."

"मा." आणि "साहेब" दोन्ही गेले, हे वडिलांना खटकले. मी म्हटले, अर्ज पदाला लिहायचा, माणसाला नाही. साहेबांची बदली होते, पद तिथेच राहते. आदर "महोदय" या एका शब्दात भागतो. "लेकरंबाळं परेशान" हे वाक्य काढताना मात्र माझाही हात अडखळला. पण आठ दिवसांची ती खिंड, १९ पासून २७ पर्यंतची, तारखांत स्वतःच दिसते.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती जपून ठेवायची, हीच पोच. उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो, आणि त्याला सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तेथे "पाणी का येत नाही?" असे विचारू नये. "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी" असे मागावे. कचेरीला असलेला कागद द्यावा लागतो, कारणे रचून सांगण्याचे बंधन नाही. आवक क्रमांक नसेल, तर हे दारच बंद.

अर्जाला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत "पाणी वाढवून द्या" असा कितीही शुद्ध अर्ज लिहिला असता, तरी धरणात नव्हते ते नळात येणार नव्हते. अशा वेळी प्रमाण मागू नये. वेळापत्रक मागावे, आणि सगळ्या गल्ल्यांना सारखे मागावे. थोडे पाणी वेळेवर देता येते. ते येणार कधी, हे ठाऊक असले की घरातले माणूस मजुरी बुडवून नळापाशी बसत नाही.

त्या गल्लीचे पुढे काय झाले, हे विचाराल. अर्ज दिल्यावर नवव्या दिवशी माणूस आला. व्हॉल्व्हचे आटे झिजलेले निघाले. किल्ली फिरे, पण झडप अर्धीच उघडे. ती बदलली. एप्रिलमध्ये पाणी चाळीस मिनिटांच्या खाली आले नाही. पाळी मात्र अजून कधी पाचव्या, कधी सहाव्या दिवशी येते, आणि आईच्या पेन्सिलीच्या खुणा चालू आहेत. दुसऱ्या अर्जाचा मसुदा या खेपेला विद्यार्थ्यानेच लिहून आणला. त्यात "आणि" बरोबर होते. "महिना" मात्र पुन्हा "महीना"!