नॉन-स्टिक तव्याला लोखंडी तव्याच्या सवयी सोसत नाहीत

लोखंडी किंवा बिडाचा तवा वापरणाऱ्या हाताला तीन सवयी असतात. तवा आधी मोठ्या आचेवर सणसणीत तापवायचा, चिकटलेलं उलथन्याने खरवडून काढायचं आणि शेवटी तारेच्या घासणीने लख्ख करायचा. लोखंडाला यातलं काहीच बाधत नाही. नॉन-स्टिक तवा मात्र याच तीन सवयींनी वर्षभरात निकामी होतो. मग ‘तवाच हलका निघाला’ किंवा ‘नॉन-स्टिक टिकतच नाही’ असं म्हटलं जातं.

तव्यावरचा काळा थर पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा असतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट यांना हा पदार्थ 1938 साली योगायोगाने सापडला आणि ‘टेफ्लॉन’ या नावाने तो जगाला माहीत झाला. त्याला काहीच चिकटत नाही. मग तो स्वतः अ‍ॅल्युमिनियमला कसा चिकटतो? 1950 च्या दशकात मार्क ग्रेग्वार या फ्रेंच अभियंत्याने त्यावर उपाय शोधला: धातूचा पृष्ठभाग आधी खडबडीत करायचा. आजही तव्याच्या पत्र्यावर बारीक कणांचा जोरदार मारा करून तो खरखरीत करतात, त्यावर बांधून ठेवणारा पहिला थर देतात, वर पीटीएफईचे थर चढवतात आणि सगळं भट्टीत भाजून पक्कं करतात. म्हणजे हा थर मुख्यतः धातूच्या बारीक खाचाखोचांत रुतून बसलेला असतो. सगळे थर मिळूनही त्याची जाडी साधारण केसाएवढी किंवा त्याहून कमीच भरते, आणि वरचं पीटीएफई तर नखाने ओरखडावं इतकं मऊ असतं.

म्हणून ‘स्टीलचं उलथनं हलक्या हाताने वापरलं तर चालतं’ हा समज महागात पडतो. घावन उलटताना उलथन्याची धार तव्यावरून सरकते आणि एक बारीक रेघ उमटते. नुसत्या रेघेने काही बिघडत नाही. पण ती रेघ खाली अ‍ॅल्युमिनियमपर्यंत पोचली की मीठ, चिंच, टोमॅटो आणि पाणी तिथून आत शिरतात. धातू आतल्या आत गंजायला लागतो, त्यावर पांढरट भुकटी धरते आणि ती वरच्या थराला खालून उचलते. रेघेच्या कडेला फोड आल्यासारखं दिसतं आणि काही दिवसांनी तिथला पापुद्रा सुटतो. कढईच्या काठावर पळी ठक्कन आपटून चिकटलेली भाजी झटकायची सवयही अशीच घातक आहे; काठाचा टवका बहुतेक वेळा तिथूनच उडतो. वेष्टनावर ‘मेटल स्पूनही चालेल’ असं छापलेल्या तव्यांच्या थरात कठीण खनिजांचे कण मिसळलेले असतात. त्यामुळे झीज सावकाश होते, थांबत नाही. लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं केव्हाही बरं. डोसा तव्यावरच सुरीने कापणं तर अजिबात नको. थालीपिठाची भोकं मात्र नेहमीसारखी बोटानेच पाडावीत.

दुसरा समज जास्त घबराट पसरवतो: ओरखड्यातून सुटलेला काळा कण पोटात गेला की विषबाधा होते. पीटीएफई पोटातल्या आम्लाशी कसलीच क्रिया करत नाही; गिळलेला कण जसाच्या तसा बाहेर पडतो. या भीतीमागे पीएफओए हे वेगळं रसायन आहे. ते पीटीएफई बनवताना कारखान्यात वापरलं जायचं, त्याने काही ठिकाणचं पिण्याचं पाणी दूषित झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये ते कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी 2015 पर्यंत त्याचा वापर थांबवला. ही चिंता खरी आहे, पण ती प्रामुख्याने कारखान्याभोवतीच्या पाण्याची आहे, तव्यावरच्या एका ओरखड्याची नाही.

खरी काळजी घ्यायची ती आचेची. साधारण 260 अंश सेल्सिअसपर्यंत पीटीएफई सुखरूप असतं. त्यापुढे ते हळूहळू खराब व्हायला लागतं आणि 350 च्या वर तुटून त्यातून विषारी वाफा निघतात. त्या हुंगल्या तर माणसाला थंडी-तापासारखा त्रास होतो. पिंजऱ्यातले पोपट आणि लव्हबर्ड्स तर अशा वाफांनी दगावतात, म्हणून पक्षी पाळणाऱ्या घरात याकडे विशेष लक्ष हवं. तव्यावर पीठ किंवा भाजी असेल तर त्यातलं पाणी उष्णता शोषत राहतं आणि तापमान सहसा इतकं चढत नाही. रिकामा, पातळ पत्र्याचा तवा मात्र मोठ्या आचेवर काही मिनिटांतच ही मर्यादा ओलांडतो. इंडक्शनवर त्याहूनही लवकर.

घरात तापमापक नसला तरी तेल ते काम करतं. गार तव्यावरच अर्धा चमचा तेल पसरावं आणि मध्यम आचेवर ठेवावं. तेल पातळ होऊन सहज पळायला लागलं की पीठ घालायची वेळ झाली. त्यातून धूर निघाला तर तवा 220-230 अंशांच्या आसपास गेला आहे असं समजावं आणि गॅस लगेच बंद करावा. भाकरी, फुलके आणि पापड भाजणं ही कामं लोखंडी तव्याकडेच ठेवावीत, कारण त्यांना कोरडी, कडक आच लागते आणि नेमकी तीच या थराला नको असते.

‘चिकटायला लागला म्हणजे कोटिंग गेलं’ हाही घाईचा निष्कर्ष. बऱ्याचदा कोटिंग शाबूत असतं आणि त्यावर जळक्या तेलाचा तपकिरी, चिवट थर बसलेला असतो. घावनाच्या तव्यावर तो मधल्या भागाभोवती कड्यासारखा दिसतो. बोट फिरवलं की तिथे गुळगुळीत न लागता किंचित चिकट लागतं आणि पाण्याचा थेंब गोल न राहता पसरतो. असा तवा टाकायची गरज नसते. काठ असलेल्या पॅनमध्ये दोन कप पाणी आणि दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं मंद उकळावं, गार होऊ द्यावं आणि लाकडी उलथन्याने तो थर हलकेच सोडवावा. सपाट तव्यावर पाणी ठरत नाही. तिथे सोड्याचा ओलसर लेप अर्धा तास ठेवून मऊ स्पंजने गोल फिरवत पुसावा. एकदा न निघालं तर पुन्हा लेप द्यावा, पण हिरवी घासणी हातात घेऊ नये. त्या घासणीत कठीण खनिजाची पूड चिकटवलेली असते आणि ती तेलाच्या थराबरोबर कोटिंगही खरवडते.

रोजच्या धुण्याला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि स्पंज पुरतो. मात्र तवा आधी गार होऊ द्यावा. तापलेला तवा नळाखाली धरला की पत्रा झटक्यात आकसतो, बूड वाकडं होतं आणि तवा शेगडीवर डुगडुगायला लागतो. मग आच एकाच जागी लागते आणि तिथलं कोटिंग आधी जातं. रचून ठेवताना मध्ये सुती कापड घालावं, नाहीतर वरच्या भांड्याचं बूड खालच्या तव्याला ओरखडे पाडतं.

तवा कधी बदलायचा हे पाहायला तो धुऊन, पुसून खिडकीपाशी तिरका धरावा. एखाद-दुसरी उथळ रेघ असेल आणि त्यातून चंदेरी धातू दिसत नसेल, तर तो वापरात राहू द्यावा. धातू दिसला, फोड आले किंवा कडेचा पापुद्रा नखाने उचलला जात असेल, तर सोड्याने काहीच साधत नाही. सोललेला थर घरच्या घरी पुन्हा बसवता येत नाही. असा तवा भंगारात द्यावा.