रॅकचा भाव विचारताना काय लिहून पाठवायचं?

व्हिडिओत कोटेशनचा मेसेज घाईघाईत दाखवला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

वाशीममधल्या एका किराणा दुकानदाराला १२ लोखंडी रॅक हवे होते. त्याने अकोल्यातल्या तिघांना फोन करून विचारलं, "रॅक कितीला?" उत्तरं आली २,९००, ३,४०० आणि ३,७००. तो २,९०० वाल्याला ॲडव्हान्स द्यायला निघालाच होता. मी थांबवलं, कारण तिघं वेगवेगळ्या रॅकचा भाव सांगत होते. स्वस्तवाला २२ गेजचा पत्रा धरून बसला होता. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे बऱ्याच जणांना उलटंच वाटतं. तेलाचे डबे ठेवले की अशी फळी मधोमध वाकते.

मग आम्ही एकच मेसेज तिघांनाही जसाच्या तसा पाठवला:

"रॅक १२ नग. उंची ७ फूट, रुंदी ३ फूट, खोली १५ इंच. प्रत्येकी ५ फळ्या, पत्रा २० गेज, एका फळीवर ६० किलो वजन. पावडर कोटिंग. माल वाशीमला दुकानात पोच, ऑर्डरपासून १० दिवसांत. दर, जीएसटी, भाडं आणि फिटिंग वेगवेगळं लिहा. ॲडव्हान्स किती? कोटेशन शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत द्या, दर १५ दिवस कायम हवा."

शेवटची ओळ लोक गाळतात. लोखंडाचे भाव हलतात, त्यामुळे तिसऱ्याचं उत्तर येईपर्यंत पहिला म्हणतो, "साहेब, तो मागच्या आठवड्यातला रेट होता."

आता पहिल्याने २० गेजचा दर ३,१५० दिला. त्यावर १८ टक्के जीएसटी ५६७, भाडं नगामागे ३०० आणि फिटिंग १५०, म्हणजे ४,१६७. दुसऱ्याच्या ३,४०० मध्ये भाडं-फिटिंग धरलेलं होतं, पण जीएसटी धरून ४,०१२ झाले. तिसऱ्याच्या ३,७०० मध्ये जीएसटी आणि पोच दोन्ही होतं, फक्त फिटिंगचे १०० वेगळे. एकूण ३,८००. सगळ्यात महाग वाटलेला तोच स्वस्त निघाला! (हा दुकानदार कंपोझिशनमध्ये आहे, त्याला जीएसटी परत मिळत नाही. तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळत असेल तर जीएसटी वगळून तुलना करा.)

एकाचा दर दुसऱ्याला दाखवून घासाघीस करू नका. गाव लहान आहे, पुढच्या वेळी कोणी खरा दर देणार नाही. पण कोणी "१८ गेज घेता का?" असं विचारलं, तर तुमचं उत्तर तिघांनाही कळवा.

माल आल्यावर गेज डोळ्यांनी कळत नाही. म्हणून कोटेशनमध्येच एका फळीचं वजन लिहून मागा. या मापाचा नुसता सपाट पत्रा २० गेजमध्ये साधारण अडीच किलो भरतो, २२ गेजमध्ये दोनच्या आत. वाकवलेल्या कडांचं वजन त्यावर वेगळं. काटा दुकानात असतोच. फिटिंगवाला गाडीतून उतरला की एक फळी त्यावर ठेवा, मगच उरलेले पैसे द्या.