रस्त्याकडेची माती : पास की नापास?

शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 साली देशभर बंद झालं. हायवेलगतच्या भाजीच्या वाफ्याला मात्र त्याचा पत्ताच नाही! शिसं कुजत नाही, पावसाने सहसा खोल झिरपतही नाही. वरच्या काही सेंटिमीटर मातीला धरून ते वर्षानुवर्षं बसून राहतं, घर न सोडणाऱ्या जुन्या भाडेकरूसारखं.

आजच्या गाड्यांची देणगी वेगळी आहे. टायर झिजला की जस्त, ब्रेक घासला की तांबं. कडेच्या गॅल्व्हनाइज्ड कठड्यावरून ओघळणारं पावसाचं पाणीही जस्त घेऊन येतं. म्हणून नमुना घेताना जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं नको, प्लास्टिकचं घ्या. दहा-बारा ठिकाणची वरची 15 सेंटिमीटर माती एकत्र करा, तिचे चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. तसाच दुसरा नमुना रस्त्यापासून लांबच्या, पण त्याच जातीच्या मातीचा.

हा दुसरा कशाला? नेदरलँड्सच्या जुन्या यादीत स्वच्छ मातीतल्या तांब्याचा आकडा आहे किलोमागे 36 मिलिग्रॅम. आपली काळी माती बेसाल्टची लेक, आणि बेसाल्टमध्ये तांबं मुळातच भरपूर. त्या यादीने पाहिलं, तर एकही गाडी न फिरकलेलं रानसुद्धा नापास होईल!

आता समजा, रस्त्याकडेच्या नमुन्यात शिसं किलोमागे 280 मिलिग्रॅम आलं आणि लांबच्या नमुन्यात 40. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2024 मध्ये घराच्या अंगणासाठी 200 ची रेषा आखली. तिथे ही माती ‘पुढे तपासा’ या गटात जाते. भारतीय अभ्यासांत नेहमी दिसणारा पट्टा 250 ते 500 चा, म्हणजे इथे ती काठावर. डच यादीत गंभीर हस्तक्षेपाची पातळी 530, तिथे ती निवांत पास. माती एक, निकाल तीन. माझ्या मते खरी साक्ष त्या 40 ची. सातपट फरक जमिनीचा नव्हे, बाहेरून आलेला. फक्त शेजारच्या भिंतीचा जुना रंग झडत नाही ना, तेवढं पाहा.

शिसं टोमॅटोच्या फळात फारसं चढत नाही. पालकावर ते बरंचसं धूळ म्हणून बसतं, धुतलं की पुष्कळ जातं. कॅडमियम मात्र मुळांतून थेट पानात शिरतं. तिथे नळाचं काही चालत नाही.

शेवटी एक सापळा. नेहमीच्या माती परीक्षणात जस्त 1 किंवा 2 आलं म्हणून खूश होऊ नका. तो पिकाला मिळू शकणाऱ्या जस्ताचा आकडा, आणि वरच्या मर्यादा एकूण धातूच्या. शिसं आणि कॅडमियम त्या तपासणीत सहसा नसतातच. नमुना देताना फॉर्मवर ठळक लिहा : ‘एकूण शिसे, एकूण कॅडमियम’.