आत्ता नाही, एप्रिलमध्ये विचारा

सप्टेंबरातली गोष्ट. रात्री साडेनऊला माझ्या आतेबहिणीचा फोन आला. चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या एका कंपनीत ती नऊ वर्षं डिझाइनमध्ये आहे. म्हणाली, "ताई, एका कन्सल्टन्सीचा मेसेज आलाय लिंक्डइनवर. मी कुठे अर्ज केला नव्हता. मला आत्ता नोकरी बदलायचीच नाहीये. पण गप्प बसले तर पुढे कधी विचारतील का?"

मेसेज नेहमीचाच होता. सिनियर इंजिनिअरची जागा, ठिकाण चेन्नई, इच्छुक असाल तर अपडेटेड सीव्ही, सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड कळवा. तिने उत्तर लिहूनही ठेवलं होतं : "धन्यवाद. मी सध्या शोधत नाहीये, पण चांगली संधी असेल तर जरूर कळवा."

मी तिला म्हटलं, हे पाठवू नकोस.

त्या वाक्यात उद्धट काहीच नाही. पण मी बारा वर्षं भरतीचं काम केलंय आणि असं उत्तर समोर आलं की टेबलापलीकडे काय होतं ते मला माहीत आहे. एका जागेसाठी आम्ही तीस-चाळीस जणांना लिहायचो. आलेलं प्रत्येक उत्तर वाचून त्या माणसाच्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ टाकायची आणि पुढच्याकडे वळायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट. "चांगली संधी असेल तर कळवा" यातून शेरा एकच निघतो, तो म्हणजे "सध्या इच्छुक नाही". सहा महिन्यांनी नवी जागा आली की आम्ही नोंदींमध्ये शोधायचो ते शब्दांवरून : काम कोणतं, शहर कोणतं, कधी मोकळा होणार. तिच्या उत्तरात यातला एकही शब्द नव्हता. चांगली संधी म्हणजे काय हे तिला माहीत होतं, मला नसतं.

म्हणून मी तिला सांगितलं की तो शेरा तूच लिहून दे. समोरच्या माणसाला जशीच्या तशी उतरवून घेता येईल अशी एक ओळ उत्तरात असली पाहिजे. त्या ओळीतला सगळ्यात अवघड भाग "कधी" हा असतो.

तिच्या मनात होतं, "दिवाळीनंतर बघू." आम्ही फोनवरच हिशोब मांडला. मुलगी दहावीला, परीक्षा मार्चमध्ये संपणार. कंपनीत नव्या गाडीचं काम चालू होतं, उत्पादन जानेवारीत सुरू व्हायचं होतं, आणि त्याआधी सोडून जाणं तिला स्वतःलाच पटत नव्हतं. वर्षाचा व्हेरिएबल पगार मेच्या पगाराबरोबर हातात पडतो, पण त्या वेळी राजीनामा दिलेला असेल तर तिच्या कंपनीत तो मिळत नाही. नेमणूक-पत्रात तसं लिहिलेलंच असतं, तिने काढून पाहिलं. म्हणजे राजीनामा जूनच्या सुरुवातीला. नोटीस 90 दिवसांची, म्हणजे नवीन ठिकाणी रुजू व्हायचं सप्टेंबरात. राजीनामा द्यायच्या आधी ऑफर हातात हवी, आणि पहिल्या फोनपासून ऑफरपर्यंत सहा ते आठ आठवडे सहज जातात. उलटं मोजत गेलो तर बोलणं सुरू करायची वेळ आली एप्रिलचा पहिला आठवडा.

दिवाळीनंतर असं सांगितलं असतं तर नोव्हेंबरात फोन आला असता आणि तिला पुन्हा नाही म्हणावं लागलं असतं. पहिल्या नकाराचं कुणालाच काही वाटत नाही. पण स्वतःच दिलेल्या मुदतीला माणूस पुन्हा नाही म्हणाला की त्याच्या पुढच्या "नंतर बघू"वर मी तरी विसंबत नसे.

दुसरा मुद्दा, मेसेज पाठवणारा कोण. कंपनीचाच भरती विभाग लिहीत असेल तर तो तुम्हाला त्या एका कंपनीसाठी लक्षात ठेवतो. कन्सल्टन्सीचं गणित वेगळं असतं. नेमलेला माणूस रुजू झाला की कंपनी तिला फी देते. आपल्याकडे रूढ असलेला आकडा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. रुजू होईपर्यंत बहुतेक ठिकाणी एक रुपयाही मिळत नाही. त्यामुळे "आत्ता नाही" ऐकून कुणी रागावत नाही, तो लगेच पुढच्या नावाकडे वळतो. आणि तोच माणूस दहा कंपन्यांसाठी काम करत असल्यामुळे त्याच्याकडची नोंद चांगली असणं उमेदवाराच्या फायद्याचं असतं.

मात्र याच कारणाने "पुढे लागेल म्हणून" सीव्ही पाठवून ठेवण्यात धोका आहे. माझ्या डोळ्यांसमोर चांगली माणसं यात अडकली आहेत. एका कन्सल्टन्सीने न विचारता तुमचा सीव्ही एखाद्या कंपनीला पाठवला, आणि तीन महिन्यांनी तुम्ही ओळखीतून किंवा दुसऱ्या कन्सल्टन्सीमार्फत तिथेच अर्ज केला, की कंपनीच्या यादीत तुमचं नाव दोनदा दिसतं. बऱ्याच कंपन्यांचा कन्सल्टन्सीशी करार असतो की ज्याने आधी नाव पाठवलं, त्या उमेदवारावर काही महिने त्याचा हक्क. मग फी कुणाला द्यायची यावर वाद सुरू होतो, आणि वाद नको म्हणून ते नावच बाजूला ठेवलं जातं. उमेदवाराला हे कुणी सांगत नाही. त्याला फक्त "प्रोफाइल पुढे गेलं नाही" एवढंच कळतं. तेव्हा शोधत नसाल तर सीव्ही देऊच नका, आणि मला विचारल्याशिवाय माझं नाव कुठे पाठवू नका असं लेखी सांगा. प्रामाणिक माणसाला यात खटकण्यासारखं काही नाही. मला असं लिहिणारे उमेदवार आवडायचे, कारण पुढे गोंधळ होत नसे.

पगाराचा आकडाही आत्ता द्यायची गरज नाही. आज दिलेला आकडा नोंदीत राहतो. एप्रिलमध्ये पगारवाढ होऊन तो बदलला, तरी बोलणी जुन्या आकड्यावरून सुरू होण्याची शक्यता असते. काही कन्सल्टन्सी आकड्याशिवाय नोंदच करत नाहीत हे खरं आहे. त्यांनी आग्रह धरला तर या जागेसाठी कंपनीने किती ठरवलं आहे ते विचारावं. उत्तरातून बाजाराचा अंदाज तरी येतो.

शेवटी तिने जे पाठवलं ते इंग्रजीत होतं, कारण मेसेज इंग्रजीत होता. मराठीत ते असं होईल :

"नमस्कार, आठवणीने लिहिल्याबद्दल आभार. सध्याच्या प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे आत्ता मी बदलाचा विचार करत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मात्र बोलायला आवडेल. नोटीस 90 दिवसांची आहे. वायरिंग हार्नेस डिझाइनमध्ये, विशेषतः इलेक्ट्रिक गाड्यांच्या हाय व्होल्टेज हार्नेसमध्ये, चार-पाच जणांच्या टीमची जबाबदारी असलेली जागा पुणे किंवा नाशिकमध्ये असेल तर जरूर कळवा. चेन्नईला येणं मला शक्य नाही. तोपर्यंत कृपया माझी माहिती मला विचारल्याशिवाय कुठे पाठवू नये. संपर्कात राहण्यासाठी कनेक्शनची विनंती पाठवत आहे."

यात तिने मुलीच्या परीक्षेचा उल्लेख केला नाही आणि व्हेरिएबल पगाराचाही नाही. नोंदीत ते लागत नाही. सध्याच्या कंपनीबद्दल तक्रारीचा शब्दही नाही, कारण असं उत्तर कुणाच्या पडद्यावर जाऊन पोहोचेल ते सांगता येत नाही. आणि चेन्नई नको हे स्पष्ट लिहिलं. लोक इथे फार संकोचतात, एक शहर नाकारलं तर सगळंच जाईल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यामुळे पुढचे पाच निरुपयोगी फोन वाचतात, दोन्हीकडचे.

शेवटच्या वाक्याचं कारण सांगायला हवं. भरती करणारे बहुधा लिंक्डइनच्या सशुल्क, वेगळ्या खात्यातून लिहितात. त्यातला पत्रव्यवहार त्यांच्या संस्थेच्या खात्यात राहतो. माणूस नोकरी सोडून गेला की त्याला तो दिसत नाही, आणि या व्यवसायात माणसं सारखी बदलतात. तुमचं कनेक्शन त्या व्यक्तीशी झालेलं असेल तर ती कुठेही गेली तरी ओळख राहते. अशा अनोळखी व्यक्तीला पाठवलेल्या मेसेजला लिंक्डइनवर इनमेल म्हणतात, आणि ते मोजून मिळतात. 90 दिवसांच्या आत उत्तर आलं, मग ते नकाराचं का असेना, तर पाठवणाऱ्याला तो इनमेल परत मिळतो. म्हणून नाही म्हणायचं असलं तरी दोन ओळी लिहिलेल्या त्याच्याही उपयोगाच्या असतात.

मग तिने विचारलं, प्रोफाइलवर "Open to Work" लावून ठेवू का, फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं? मी नको म्हटलं. तुमच्याच कंपनीच्या भरती विभागाला ते दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेतं, पण हमी देत नाही हे तिथेच लिहिलेलं आहे. शिवाय एप्रिलपर्यंत रोज फोन येत राहिले असते.

प्रत्येक मेसेजला एवढं लिहीत बसू नये. नऊ वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला नवशिक्यांची जागा सुचवली असेल तर मेसेज न वाचताच शेकडो जणांना गेलेला आहे, त्याला आयत्या बटणाने नकार दिला तरी पुरे. कुणी नोंदणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागितले तर उत्तरच देऊ नये. खरी कन्सल्टन्सी कंपनीकडून पैसे घेते, उमेदवाराकडून नाही. आणि जे काही लिहायचं ते स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या ई-मेलवरून लिहावं. ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसचा असतो.

एप्रिल उजाडला. पहिला आठवडा गेला तरी तिला कुणाचा मेसेज आला नाही. तिने लिंक्डइनवर पाहिलं तर सप्टेंबरात लिहिणाऱ्या बाई कन्सल्टन्सी सोडून एका वाहन कंपनीच्या भरती विभागात गेल्या होत्या. कनेक्शन होतं म्हणून तिने त्यांना दोन ओळी पाठवल्या : "सप्टेंबरात आपलं बोलणं झालं होतं, आता मी मोकळी आहे, पुणे किंवा नाशिक." त्यांना जुना मेसेज दिसत नव्हता, पण हाय व्होल्टेज हार्नेसवाली म्हणून ती त्यांच्या लक्षात होती. नाशिकची एक जागा होती. टीम तिघांची, तिला हवी त्यापेक्षा लहान. तिने कामाचं वर्णन मागवलं, ते वाचून सीव्ही पाठवला, आणि पहिली मुलाखत शनिवारी सकाळी ऑनलाइन ठरली.