गाणं रेकॉर्ड करायला कोणता लॅपटॉप?

घरी गाणं रेकॉर्ड करायला लॅपटॉप हवा म्हटलं, की दुकानदार बहुधा गेमिंग लॅपटॉप पुढे करतो. प्रोसेसर दणकट, रॅम भरपूर, ग्राफिक्स कार्ड वेगळं. मग गाण्याचं काम काय, सहज होईल, असा त्याचा हिशेब असतो. घरी आणल्यावर मात्र त्याच महागड्या यंत्रावर वाजवताना मध्येच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पंख्याची घरघर गाण्याच्या मागे कायमची बसते. दुकानातला हिशेब चुकतो, कारण लॅपटॉप सरासरी किती वेगानं काम करतो हे तिथे पाहिलं जातं. ध्वनीच्या कामात प्रश्न वेगळा असतो: तो एकदा तरी उशीर करतो का?

माइकमधून आलेला आवाज ऑडिओ इंटरफेस नावाच्या छोट्या पेटीत आकड्यांमध्ये बदलतो. सेकंदाला ४८,००० नमुने हा आज नेहमीचा दर आहे. हे नमुने एकेक करून लॅपटॉपकडे जात नाहीत, तर ठरावीक संख्येचा गठ्ठा जमला की जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात आणि त्याचा आकार आपण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडतो. १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर १२८ भागिले ४८,००० म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. ५१२ ठेवला तर १०.७. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखंच हे गणित आहे. टाकी मोठी असली की पुरवठा मध्ये खंडला तरी नळ कोरडा पडत नाही, पण पाणी शिळं येतं. टाकी लहान असली तर पाणी ताजं, पण पुरवठा जरा थांबला की नळ फुसफुसतो. ध्वनीतली ती फुसफूस म्हणजेच ‘टक्’.

लहान बफर खरंच कोणाला लागतो, हे आधी पाहावं. समजा, एका घरात दोघं मिळून गाणं करतात. एक जण गातो, दुसरा मिडी कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधली तार-वाद्यं वाजवतो. गाणाऱ्याचा आवाज माइकमधून आत जाऊन हेडफोनमध्ये परत यायचा, म्हणजे बफर दोनदा मोजावा लागतो. ५१२ वर हे २१ मिलिसेकंद झाले. त्यात इंटरफेस आणि यूएसबीचा थोडा वेळ मिळवला, की आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो आणि ताना घेताना लय डळमळते. १२८ वर हाच फेरा आठ-नऊ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण गायकाला सुटका आहे. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असतं. त्यात आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता पेटीतूनच हेडफोनला मिळतो. मग बफर मोठा ठेवला तरी गायकाचं अडत नाही. कीबोर्डवाल्याला ही सोय नाही, कारण त्याचा सूर लॅपटॉपच तयार करतो. पट्टी दाबल्यावर सूर लगेच यायचा असेल तर १२८ किंवा तसाच लहान बफर हवा. लॅपटॉपची कसोटी लागते ती इथे. ब्लूटूथ हेडफोन मात्र दोघांनीही वापरू नयेत. त्यांचा उशीर या सगळ्या आकड्यांच्या कितीतरी पट असतो.

१२८ चा बफर म्हणजे लॅपटॉपला दर २.७ मिलिसेकंदांना पुढचा गठ्ठा तयार ठेवायलाच हवा. प्रोसेसर निम्मा मोकळा असतानाही हे हुकू शकतं. वायफाय, ग्राफिक्स, बॅटरीची देखरेख यांच्या ड्रायव्हरना विंडोजमध्ये इतर कामं थांबवून मध्ये घुसण्याचा हक्क असतो. बहुतेक ड्रायव्हर क्षणार्धात बाजूला होतात. एखादा चुकीचा लिहिलेला ड्रायव्हर ३ मिलिसेकंद ठाण मांडून बसला, की २.७ ची मुदत गेली. म्हणून एकच ट्रॅक चालू असताना टकटक होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. प्रोजेक्ट जड झाल्यावरच होत असेल, तर प्रोसेसर कमी पडतोय.

हे तपासायला LatencyMon नावाचं प्रोग्राम आहे. ते दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं, की कोणत्या ड्रायव्हरनं सर्वांत जास्त वेळ अडवलं ते नावासकट दिसतं. ndis.sys वर बोट गेलं तर नेटवर्ककडे पाहावं. वायफाय बंद करून पुन्हा चाचणी घेतली की खात्री पटते. वायफायच असेल तर रेकॉर्डिंगपुरतं ते बंद ठेवून भागतं. ACPI.sys पुढे आलं तर दोष बहुधा बॅटरी-वीज व्यवस्थेचा असतो आणि तो सहसा उत्पादकाच्या बायॉस अपडेटशिवाय जात नाही. असा लॅपटॉप परत करण्याच्या मुदतीतच परत करावा. चाचणी चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे घ्यावी.

इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर हा दुसरा भाग. विंडोजवर ASIO प्रकारचा ड्रायव्हर लागतो. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं ही पद्धत आणली. इंटरफेसच्या उत्पादकानं स्वतः लिहिलेला ASIO ड्रायव्हर असेल तर लहान बफर टिकतो. ASIO4ALL हा सर्वांना चालणारा पर्याय अडीअडचणीला ठीक आहे. मॅकमध्ये कोअर ऑडिओ आधीपासूनच असल्यामुळे बरेच इंटरफेस नुसते जोडले की चालतात. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप हलके आणि थंड असतात, पण तिथे एक मेख आहे. इंटेलसाठी लिहिलेली साधी ॲप त्यांवर अनुकरणानं चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. ते आर्म प्रोसेसरसाठी वेगळे लिहावे लागतात. आपल्या इंटरफेससाठी तसा ड्रायव्हर आहे का, हे उत्पादकाच्या साइटवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता पंखा. मोठ्या स्टुडिओत संगणक वेगळ्या खोलीत असतो, घरी तो माइकपासून हातभर अंतरावर. मिक्सिंगमध्ये आवाज एकसारखा करायला कंप्रेसर लावून १० डेसिबल वाढ दिली, की मागची घरघरही तेवढीच वर येते. ही चाचणीही सोपी आहे. गाण्यासाठी ठेवतो तेवढाच गेन ठेवून आधी लॅपटॉप शांत असताना, मग सॉफ्टवेअरची वाद्यं दहा मिनिटं वाजवल्यावर, असं दोनदा नुसतं मौन रेकॉर्ड करावं आणि मीटर ताडून पाहावा. मॅकबुक एअरच्या आजच्या पिढीत पंखाच नाही. मात्र बराच वेळ जड काम चालू राहिलं तर तो तापून वेग कमी करतो. गाणं रेकॉर्ड करायला तो उत्तम. शंभर ट्रॅकच्या मिक्सिंगला पंखेवाला मॅकबुक प्रो बरा. विंडोजवर पंखा उसळतो तो प्रोसेसर टर्बो वेग घेतो म्हणून. पॉवर सेटिंगमध्ये Maximum processor state ९९ टक्क्यांवर ठेवलं, की टर्बो सहसा बंद होतो. हा पर्याय दिसत नसेल तर उत्पादकाच्या ॲपमधला शांत मोड वापरावा. वेग घटतो, पण एका आवाजाच्या रेकॉर्डिंगला तो पुरतो. शिवाय कार्डिऑइड माइक मागच्या बाजूनं सर्वांत कमी ऐकतो, म्हणून लॅपटॉप माइकच्या पाठीमागे ठेवावा.

रॅम १६ जीबी आणि एसएसडी एवढं किमान धरावं. वाद्यांचे मोठे संग्रह वापरणार असाल तर ३२ जीबी आधीच घ्यावी, कारण अनेक लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवून ते इंटरफेससाठी ठेवावेत. खरेदीही त्याच क्रमानं करावी: आधी इंटरफेस, मग त्याच्या ड्रायव्हरला मानवणारा लॅपटॉप. आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात १२८ च्या बफरवर अर्धा तास वाजवून पाहावं, म्हणजे टकटक झालीच तर बदलून घ्यायला वेळ उरतो.