गोठ्यातल्या तीन लसी : मोजणी पावसापासून मागे करा

नागपूर भागात मान्सून साधारण जूनच्या मध्यास येतो. जनावरांच्या लसीकरणाचे गणित या तारखेपासून मागे मोजले की सोपे होते, कारण लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

समजा, गोठ्यात बैलजोडी, एक गाय आणि १ नोव्हेंबरला जन्मलेले वासरू आहे. वासराला मार्चच्या सुरुवातीला चार महिने पूर्ण होतात. त्यामुळे ५ मार्चला त्याला लाळ्या-खुरकुताची पहिली लस आणि महिन्याने, ५ एप्रिलला, बूस्टर. आधी लस घेतलेल्या मोठ्या जनावरांना मार्चमधली एकच मात्रा पुरते. पुढची मात्रा सर्वांनाच सहा महिन्यांनी. वासराचा बूस्टर चुकला, तर पहिल्या टोचणीचा उपयोग फार टिकत नाही. गोठ्यात सर्वाधिक चुकते ते हेच.

दोन लसींत तीन आठवड्यांचे अंतर धरले, तर २६ एप्रिलला लम्पीची पाळी येते. ही लस वर्षातून एकदाच. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून राज्यभर पसरलेल्या लम्पीवर शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. हा रोग मुख्यतः डास, माश्या, गोचिडांमुळे पसरतो आणि पावसाळ्यात त्यांचीच चलती असते. पोळ्याला गावची जनावरे एकत्र येतात, त्याच्या आत ही टोचणी झालेली बरी.

१७ मेला घटसर्प. वासरू तोवर सहा महिन्यांचे झालेले असते आणि पावसाला महिनाभर उरतो. ही लस सर्वांनाच, दर वर्षी. इथे उशीर सर्वात महाग पडतो. जोराचा ताप, गळ्याला सूज, घरघर ही लक्षणे दिसल्यावर जनावर अनेकदा दिवसभरात दगावते. त्या वेळी लस कामाची नाही, लगेच डॉक्टर हवा. म्हशींना तर हा रोग आणखी जड जातो.

लस टोचूनही रोग आला, तर आधी शीतसाखळी तपासावी. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. खुरकूत आणि घटसर्पाची लस गोठली तरी वाया जाते, म्हणून ती बर्फाला थेट टेकवू नये. लम्पीची लस कोरडी येते. द्रावणात मिसळल्यावर काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे दुपारपर्यंत उरलेली बाटली नाकारलेली चांगली.

तापलेल्या किंवा आजारी जनावराला टोचू नये. गाय गाभण असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. टोचल्यावर एक-दोन दिवस अंग तापणे, दूध थोडे घटणे, टोचल्या जागी गाठ येणे हे चालते. तीन-चार दिवसांतही ताप उतरला नाही, तर दवाखान्यात कळवावे.

कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक नोंदीसाठीच असतो. टोचणाऱ्याकडून लसीचे नाव आणि तारीख त्याच दिवशी लिहून घ्यावी. सहा महिन्यांनी नेमके कोणती लस राहिली, हे त्या कागदावरूनच कळते.