लघुजलविद्युत प्रकल्पातील पेनस्टॉकचा व्यास आणि टर्बाइनची निवड

डोंगराळ भागातील ओढ्यावर उभारलेल्या लघुजलविद्युत प्रकल्पात वरच्या टाकीतून टर्बाइनपर्यंत दाबाखाली पाणी आणणाऱ्या नळाला पेनस्टॉक किंवा दाबनळ म्हणतात. अशा प्रकल्पासाठी मुख्यतः पेल्टन प्रकारचे आवेग टर्बाइन आणि क्रॉसफ्लो टर्बाइन हे दोन पर्याय विचारात घेतले जातात. नळाचा व्यास आणि टर्बाइनचा प्रकार हे दोन निर्णय बऱ्याचदा वेगवेगळे घेतले जातात. प्रत्यक्षात मात्र नळातील घर्षणानंतर टर्बाइनपाशी किती दाब शिल्लक राहतो, यावरच टर्बाइनची गती, आकार आणि उपयुक्तता ठरते.

दोन्ही टर्बाइनांची रचना

पेल्टन टर्बाइनमध्ये तोटीतून (नोझलमधून) निघालेला गोल झोत चक्राच्या कडेवर बसवलेल्या दुहेरी वाट्यांवर आदळतो. तोटीतील सुईसारखा दांडा पुढेमागे सरकवून झोताची जाडी कमीजास्त करता येते. लेस्टर पेल्टन या अमेरिकन तंत्रज्ञाला या चक्राचे एकस्व १८८० मध्ये मिळाले.

क्रॉसफ्लो टर्बाइनचे चक्र पिंपासारखे असते. दोन गोल तबकड्यांच्या मध्ये वक्र पाती बसवलेली असतात. पाण्याचा आयताकृती झोत पात्यांमधून आत शिरतो, चक्राची पोकळी ओलांडतो आणि पलीकडच्या पात्यांमधून बाहेर पडतो. त्यामुळे पाणी चक्राला दोनदा ढकलते. ऑस्ट्रेलियन अभियंता अँथनी मिशेल, हंगेरीचे दोनात बांकी आणि जर्मनीचे फ्रिट्झ ओसबर्गर यांनी ही रचना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. यातील पाणी बहुतांशी मोकळ्या झोताच्याच रूपात काम करते. म्हणून तत्त्वतः क्रॉसफ्लो टर्बाइनही आवेग प्रकाराच्या जवळचे आहे. व्यवहारात मात्र ‘आवेग टर्बाइन’ म्हटल्यावर सहसा पेल्टन अभिप्रेत असते. क्रॉसफ्लोची पाती नळाच्या कापलेल्या पट्ट्यांपासून करता येतात आणि तबकड्यांना वितळजोडाने (वेल्डिंगने) जोडता येतात. ओतकामाची गरज नसल्याने ते साध्या कारखान्यातही तयार होते. नेपाळमध्ये काठमांडूजवळील बालाजू आणि बुटवल येथील कारखान्यांनी १९७० च्या दशकापासून अशी टर्बाइने बनवून डोंगरातील गिरण्यांना व वस्त्यांना पुरवली.

व्यास आणि शीर्षहानी

टाकीतील पाण्याची पातळी आणि टर्बाइन यांच्यातील उंचीच्या फरकाला एकूण शीर्ष म्हणतात. नळाच्या घर्षणात त्याचा काही भाग खर्च होतो. उरलेल्या भागाला निव्वळ शीर्ष म्हणतात. प्रवाह तोच असेल तर ही हानी व्यासाच्या साधारणपणे पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे व्यासातील छोट्या बदलाचा परिणामही मोठा होतो.

उदाहरणादाखल, एका ओढ्यावर ४० मीटर एकूण शीर्ष, १६० मीटर लांबीचा पोलादी नळ आणि पावसाळ्यात दर सेकंदाला ६० लिटर प्रवाह मिळतो असे मानू. घर्षण गुणांक ०.०१८ धरला आणि वळणे व झडपा यांतील हानी बाजूला ठेवली, तर २०० मिलिमीटर व्यासाच्या नळात पाण्याचा वेग सेकंदाला १.९ मीटर येतो. अशा वेळी सुमारे २.७ मीटर शीर्ष खर्च होऊन ३७.३ मीटर उरते. १५० मिलिमीटरच्या नळात वेग ३.४ मीटर होतो, हानी ११.३ मीटरवर जाते आणि २८.७ मीटरच उरते. २५० मिलिमीटरच्या नळात हानी केवळ ०.९ मीटर असते.

टर्बाइन, पट्टा आणि जनित्र यांची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास १५० मिलिमीटरच्या नळावर सुमारे १०.१, २०० वर १३.२ आणि २५० वर १३.८ किलोवॅट वीज मिळते. १५० वरून २०० वर जाण्याने तीन किलोवॅटची भर पडते. त्यापुढे २५० वर गेल्यास अर्ध्या किलोवॅटपेक्षा थोडीच अधिक वीज मिळते, पण पत्र्याची जाडी तीच ठेवली तरी नळ २५ टक्क्यांनी जड होतो. पायवाटेने नळ वाहून न्यावे लागणाऱ्या ठिकाणी हा फरक महत्त्वाचा ठरतो. म्हणून पूर्ण प्रवाहात ५ ते १० टक्के शीर्षहानी होईल असा व्यास सामान्यतः योग्य मानतात. या उदाहरणात तो २०० मिलिमीटर आहे.

घर्षणात एकूण शीर्षाचा एक तृतीयांश भाग खर्च होतो, तेव्हा दिलेल्या नळातून मिळू शकणारी शक्ती कमाल असते. १५० मिलिमीटरच्या नळात ही मर्यादा सेकंदाला सुमारे ६५ लिटरवर येते. त्यापलीकडे झडप अधिक उघडली तर पाणी जास्त वाहते, पण वीज कमी होते.

व्यासाचा टर्बाइनच्या गतीशी संबंध

झोताचा वेग निव्वळ शीर्षाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. चक्राच्या कडेचा वेग झोताच्या वेगाच्या निम्म्याहून किंचित कमी असताना दोन्ही प्रकारची टर्बाइने सर्वोत्तम चालतात. २०० मिलिमीटर व्यासाच्या क्रॉसफ्लो चक्राची योग्य गती ३७.३ मीटर शीर्षावर मिनिटाला सुमारे १,२२० फेरे असते. उन्हाळ्यात प्रवाह २० लिटरवर आला की हानी वर्गाच्या प्रमाणात घटून नवव्या हिश्शावर येते आणि निव्वळ शीर्ष ३९.७ मीटर होते. तेव्हाची योग्य गती सुमारे १,२६० फेरे, म्हणजे केवळ तीन टक्के अधिक असते.

१५० मिलिमीटरच्या नळावर हेच टर्बाइन बसवल्यास पावसाळ्यात योग्य गती सुमारे १,०७० आणि उन्हाळ्यात १,२४५ फेरे येते. ५० हर्ट्झ वारंवारता राखण्यासाठी जनित्राची गती मात्र स्थिर ठेवावी लागते. परिणामी टर्बाइन वर्षातील कोणत्या ना कोणत्या ऋतूत अयोग्य गतीने चालते. एकूण शीर्ष गृहीत धरून पट्ट्याच्या कप्प्या निवडल्या आणि नळ अरुंद ठेवला, तर नेमक्या भरपूर पाण्याच्या काळात उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी भरते. अशा वेळी टर्बाइन सदोष असल्याचा समज होतो, मात्र दोष नळाचा असतो.

पेल्टन की क्रॉसफ्लो

वरील उदाहरणात पेल्टनसाठी एकच तोटी वापरल्यास झोताचा व्यास ५४ मिलिमीटर येतो. चक्राचा व्यास झोताच्या किमान दहापट असावा हा संकेत पाळला, तर चक्र ५४० मिलिमीटरचे होते आणि मिनिटाला केवळ ४४० फेरे फिरते. १,५०० फेऱ्यांच्या जनित्रासाठी गती साडेतीन पटींनी वाढवावी लागते. दोन तोट्या घेतल्यास ३८० मिलिमीटरचे चक्र आणि सुमारे ६२० फेरे मिळतात, पण नळाला फाटा, जादा झडप आणि दुसरी सुई लागते. याउलट २०० मिलिमीटरच्या क्रॉसफ्लो चक्राला सुमारे ७.५ सेंटिमीटर रुंदी पुरते आणि १,२२० फेऱ्यांवरून जनित्रापर्यंतची गतिवाढ किरकोळ राहते. त्यामुळे येथे क्रॉसफ्लो अधिक सोयीचे ठरते.

उंची बदलली की निष्कर्षही बदलतो. तेवढीच शक्ती १०० मीटर निव्वळ शीर्षावर मिळवायची असेल तर सुमारे २२ लिटर पाणी पुरते. मग क्रॉसफ्लोच्या चक्राची रुंदी दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी येते आणि कडेच्या तबकड्यांशी होणारी हानी व गळती यांचे प्रमाण वाढते. पेल्टनला मात्र सुमारे २६ मिलिमीटरचा झोत आणि २६० मिलिमीटरचे चक्र पुरते. त्याची गती १,५०० फेऱ्यांच्या जवळ असल्याने ते पट्ट्याशिवाय थेट जनित्राला जोडता येते. १५ मीटर शीर्षावर उलट स्थिती होते. एका तोटीच्या पेल्टनचे चक्र एक मीटरहून मोठे होऊन मिनिटाला दीडशेहून कमी फेरे फिरते, तर ३०० मिलिमीटरचे क्रॉसफ्लो चक्र २० सेंटिमीटर रुंदीवर पाचशेहून अधिक फेरे देते.

कमी प्रवाहातील वर्तन

पावसाळ्यावर अवलंबून असलेल्या ओढ्याचा प्रवाह वर्षभर सारखा राहत नाही. पेल्टनमध्ये सुईने झोत बारीक केला तरी त्याचा वेग टिकून राहतो आणि कार्यक्षमता फारशी घटत नाही. एकसंध मार्गदर्शक पाते असलेल्या साध्या क्रॉसफ्लोमध्ये कमी प्रवाहात झोताचा आकार व कोन बिघडतो. उदाहरणातील २० लिटर प्रवाहावर पेल्टन संचाची एकूण कार्यक्षमता ६० टक्के टिकली आणि क्रॉसफ्लोची ४५ टक्क्यांवर आली, तर उत्पादन अनुक्रमे सुमारे ४.७ व ३.५ किलोवॅट होईल. ही उणीव भरून काढण्यासाठी क्रॉसफ्लोचा प्रवेशमार्ग एकास दोन या प्रमाणात विभागतात. उन्हाळ्यात केवळ लहान भाग उघडला की एक तृतीयांश प्रवाहही पूर्ण जाडीच्या झोताने चक्रावर येतो.

पालापाचोळा हा दुसरा भेद आहे. पेल्टनच्या तोटीत सुईभोवतीची फट अरुंद असल्याने पाने व काड्या तेथे अडकतात. क्रॉसफ्लोमध्ये आत शिरताना पात्यांवर अडकलेले गवत बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर बऱ्याच अंशी धुऊन निघते. वाळूने होणारी झीज मात्र दोन्ही प्रकारांत होते. म्हणून गाळ बसण्यासाठी वेगळी टाकी आवश्यक असते.

दाबमापकावरून निदान

टर्बाइनच्या झडपेअलीकडे बसवलेल्या दाबमापकावरून नळाची स्थिती कळते. झडप बंद असताना ४० मीटर शीर्षाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४.० किलोग्रॅम दिसतो. पूर्ण प्रवाहात २०० मिलिमीटरच्या नळावर तो सुमारे ३.७ आणि १५० मिलिमीटरच्या नळावर सुमारे २.९ असतो. पहिल्याच दिवसापासून दाब खूप खाली जात असेल तर नळ अरुंद आहे. पूर्वी ३.७ दाखवणारा मापक काही महिन्यांनी तितक्याच प्रवाहाला ३.३ दाखवू लागला, तर जाळी तुंबणे, नळात हवा अडकणे किंवा नळाच्या आत अडथळा येणे ही कारणे तपासावी लागतात. दाब योग्य असूनही वीज कमी येत असेल, तर दोष टर्बाइनमध्ये, पट्ट्यात किंवा गतीच्या निवडीत शोधावा लागतो.

झडप बंद करण्याचा वेग

वाहते पाणी एकाएकी थांबवले तर नळात दाबाची लाट उठते. पोलादी नळात वेग सेकंदाला एक मीटरने अचानक घटल्यास दाब शंभर मीटरहून अधिक शीर्षाने वाढतो. उदाहरणातील नळात सुमारे एक तृतीयांश सेकंदाच्या आत झडप मिटणे ‘अचानक’ ठरते. दहा सेकंदांत एकसारख्या गतीने बंद केल्यास २०० मिलिमीटरच्या नळात वाढ तीन मीटरच्या आसपास राहते. अरुंद नळात वेग जास्त असल्याने धोकाही जास्त असतो. विजेचा भार एकदम सुटल्यावर पेल्टनमध्ये झोत विक्षेपक पट्टीने बाजूला वळवता येतो आणि नळातील प्रवाह न थांबवता चक्र आवरता येते. क्रॉसफ्लोमध्ये तशी सोय सहसा नसते. म्हणून तेथे जादा वीज पाणी तापवणाऱ्या कांड्यांसारख्या भाराकडे वळवणारे भारनियंत्रक वापरतात आणि मार्गदर्शक पाते सावकाश मिटवतात.